बक्षीसपत्राचा तर्जुमा
कोर्टासाठी बक्षीसपत्राचा इंग्रजी तर्जुमा करताना आम्ही आधी नातं बघतो. कागदात 'पुतण्या' आहे. इंग्रजीत नुसतं 'नेफ्यू' लिहिलं, तर भाचाही त्यातच येतो. मग जमीन दिराच्या पोराला दिली की भावा-बहिणीच्या, यावर वाद. म्हणून 'हजबंड्स ब्रदर्स सन' लिहायचं.

पुढे म्हातारीने लिहून दिलंय, 'हयात आहे तोवर उत्पन्न मीच खाईन.' हा तिने राखलेला हक्क. तर्जुम्यात 'खाण्यास परवानगी राहील' असं आलं, तर हक्काची मेहरबानी होते. 'सांभाळ न केल्यास बक्षीस रद्द' ही अट आहे. तिचं 'सांभाळ करावा' झालं, तर अट जाऊन नुसती इच्छा उरते.

म्हणून तर्जुमा परत मराठीत सांगून म्हातारीला ऐकवतो. ती 'असंच' म्हणाली, की मगच खाली सही.