पगारपत्रकातले अनोळखी सोळाशे रुपये



पगार झाल्याचा संदेश मोबाइलवर आला की आपण आकडा बघतो आणि फोन खिशात टाकतो. पगारपत्रक, म्हणजे पे स्लिप, उघडून पाहणारे थोडेच. माझी उमेद रत्नागिरीत पगारपत्रके बनवण्यात गेली. त्यामुळे आजही शेजारपाजारची मुले आपली पत्रके घेऊन माझ्याकडे येतात. त्यातल्याच एका पत्रकाची हकिगत आज सांगणार आहे.

मुलगा आमच्या आरे-वारेचा. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात कामाला. हॉटेल इथे, पण पगार करणारे लोक दूरच्या मुख्य कार्यालयात, त्यांची याची कधी भेट नाही. जूनचा पगार जमा झाला तो नेहमीपेक्षा बराच कमी. पत्रकात एक ओळ नवी होती : 'अदर डिडक्शन', १,६०० रुपये. बस्स, एवढेच. कशाचे, त्याचा पत्ता नाही.

घरी सगळ्यांचे म्हणणे पडले, गप्प राहा. पावसाळ्यात किनाऱ्यावर पर्यटक कमी, अशा दिवसांत तक्रार करणारा माणूस आधी नजरेत भरतो. ही भीती खोटी नव्हे. पण विचारणे वेगळे आणि तक्रार वेगळी. हा फरक नीट साधायचा तर आधी हिशेब करावा लागतो.

मी त्याला म्हटले, "आधी ओळखीच्या कपाती बाजूला काढ." त्याचा एकूण पगार २४,००० रुपये. त्यात मूळ वेतन १४,०००, घरभाडे ६,००० आणि प्रवास भत्ता ४,०००. भविष्य निर्वाह निधी, आपला पी. एफ., मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे १,६८०. व्यवसाय कर २००. हा कर आपल्या राज्यात १९७५ च्या कायद्याने आला. घटनेने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, म्हणून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात. फेब्रुवारीत शंभर रुपये कुठे गेले असे विचारणारे दरवर्षी भेटतात, त्याचे उत्तर एवढेच. पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना २०२३ पासून हा कर नाही, हेही भगिनींनी ध्यानात ठेवावे.

तिसरी कपात २५ रुपयांची, कामगार कल्याण निधीची. ती वर्षातून दोनदाच होते, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. पूर्वी ती १२ रुपये होती, २०२४ मध्ये २५ झाली. राज्य विमा योजनेची, म्हणजे ई. एस. आय.ची, कपात याच्या पत्रकात नव्हती. बेरीज झाली १,९०५. हातात यायला हवे होते २२,०९५. आले २०,४९५. म्हणजे कोडे होते ते नेमके १,६०० रुपयांचे.

आता हा मुलगा हुशार. म्हणाला, "काका, चोवीस हजार भागिले तीस म्हणजे दिवसाचे आठशे. दोन दिवस गैरहजर लावलंय मला!" आकडा जुळत होता खरा. पण आकडा जुळला म्हणजे कारण सापडले असे होत नाही. बिनपगारी रजा लागली की आधी पगारच कमी होतो आणि मग त्या कमी पगारावर पी. एफ. निघतो. दोन दिवस गेले असते तर मूळ वेतन सुमारे १३,०६७ उरले असते आणि पी. एफ. १,५६८ झाला असता. पत्रकात तो पुरा १,६८० होता आणि हजेरीही ३० दिवस होती. तेव्हा ही गैरहजेरी नव्हती. कोणीतरी १,६०० हा आकडा वेगळा आणून बसवला होता. 'माझी हजेरी का कापली' असा संदेश त्याने पाठवला असता, तर 'हजेरी कापलेली नाही' असे खरे उत्तर आले असते आणि विषय तिथेच संपला असता.

मग आम्ही संदेश लिहिला तो असा :

'नमस्कार. कर्मचारी क्रमांक अमुक. जूनच्या पगारपत्रकात अदर डिडक्शन या नावाने १,६०० रुपये वजा झाले आहेत. हजेरी ३० दिवस पूर्ण आहे. ही कपात कशाची आणि कोणाकडून आलेल्या नोंदीवरून झाली, ते कृपया कळवावे. पत्रक सोबत जोडले आहे. जुलैचा पगार तयार होण्यापूर्वी, २० तारखेपर्यंत उत्तर मिळावे, ही विनंती.'

यात 'पैसे खाल्ले' नाही, 'अन्याय' नाही, घरची अडचण नाही. क्रमांक, महिना, ओळीचे नाव, रक्कम आणि एक प्रश्न. 'कोणाकडून आलेल्या नोंदीवरून' हे शब्द मी मुद्दाम घातले. पगार करणारा माणूस कपात ठरवत नाही. त्याच्याकडे ठिकठिकाणाहून याद्या येतात, त्या तो भरतो. नोंद विचारली की त्याला ती यादी काढावीच लागते. आणि तारीख अशासाठी, की महिन्याचा पगार एकदा बंद झाला की दुरुस्ती पुढच्या महिन्यावर जाते. संदेश ई-मेलने पाठवावा, म्हणजे मागे कागद राहतो. सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच टाकू नये.

तीन दिवसांनी उत्तर आले. हॉटेलच्या खानावळीचे महिना ८००, मे आणि जून मिळून १,६००. हॉटेलातून आलेल्या यादीत याचे नाव होते. आणि हा तर रोज घरून डबा नेणारा!

इथे कायदा कामाला येतो. पूर्वी १९३६ चा वेतन कायदा होता. त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दोन्हींचे सूत्र एकच : कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज पगारातून काही कापता येत नाही. जेवणासारख्या सोयीचे पैसे कामगाराने ती सोय स्वीकारली असेल तरच घेता येतात. नुकसानभरपाई म्हणून कापायचे असेल तर आधी त्याचे म्हणणे ऐकावे लागते. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. उत्तरच आले नाही, तर ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. पण आमच्यावर ती वेळ आली नाही.

दुसरा संदेश याहून लहान होता. 'मी खानावळ घेतलेली नाही. माझ्या संमतीचा कागद असल्यास पाठवावा, नसल्यास रक्कम जुलैच्या पगारात परत करावी आणि यादीतून नाव कमी करावे.' कागद नव्हताच. जुलैच्या पत्रकात १,६०० परत आले.

ते आल्यावरही आम्ही दोन गोष्टी पाहिल्या. एक, पी. एफ. तेवढाच, १,६८०, राहिला का? परत आलेली कपात हा नवा पगार नव्हे, तिच्यावर पुन्हा काही कापले जाऊ नये. दुसरी, जुलैचे ८०० पुन्हा लागले नाहीत ना? कारण पैसे परत करणारा हात एक असतो आणि यादी पाठवणारा दुसरा. नाव यादीत तसेच राहिले, तर तीच कपात ऑगस्टमध्ये परत उगवते.

त्याच्याबरोबरच्या आणखी दोघांनी मग आपापली पत्रके उघडली. त्यातल्या एकाचेही ८०० जात होते, पण तो रोज खानावळीतच जेवायचा. त्याची कपात बरोबर होती. त्याने काही पाठवले नाही, आणि तेही योग्यच झाले.