अपस्मारावरील औषधे : गट, व्याप्ती आणि दुष्परिणाम
(रुग्णालयातील निवासी डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परीक्षेच्या तयारीसाठी अपस्मारावरील औषधांचा तक्ता आपणांपैकी बहुतेकांनी पाठ केला असेल. त्यात औषधाचे नाव, ते कोठे काम करते, कोणत्या झटक्यांवर चालते आणि त्याचे दुष्परिणाम कोणते, असे चार रकाने असतात. हे चार रकाने आपण वेगवेगळे पाठ करतो आणि म्हणून लवकर विसरतो. आज आम्ही सगळा तक्ता वाचून दाखविणार नाही. दुसऱ्या रकान्यातून तिसरा बराचसा कसा निघतो आणि चौथा मात्र त्यातून का निघत नाही, एवढेच सांगण्याचा आमचा प्रयत्न राहील.

प्रारंभ सोडियम वाहिन्यांपासून करू. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन ही मंडळी या गटातली. चेतापेशीतून विद्युत्संदेश जाताना सोडियमची दारे क्षणभर उघडतात, मग मिटतात आणि पुन्हा उघडण्यायोग्य होण्यापूर्वी थोडी विश्रांती घेतात. ही औषधे नेमकी त्या विश्रांतीच्या अवस्थेतील दाराला चिकटतात आणि विश्रांती लांबवितात. संथपणे काम करणाऱ्या पेशीला याचा फारसा त्रास होत नाही. सेकंदाला शंभरदा संदेश सोडणाऱ्या, झटक्यातल्या पेशीला मात्र लगाम बसतो. मेंदूच्या एका भागात ठिणगी पडते आणि ती पसरत जाते, अशा झटक्यांवर या गटाचा चांगला उपयोग होतो तो यामुळेच. सर्वांगाला येणाऱ्या मोठ्या आकडीवरही ही औषधे चालतात.

आता एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण रचलेले आहे, परंतु अशी कहाणी कोणत्याही तालुक्याच्या गावी ऐकू येते. समजा, पिंपळनेरकडच्या एका पाड्यावरील सोळा-सतरा वर्षांची मुलगी आहे. रात्रभर जागरण झाले आणि सकाळी तिला मोठी फीट आली. कोणी तरी कार्बामाझेपिन सुरू केले. मोठी फीट पुन्हा आली नाही, पण महिनाभराने आई तक्रार करते, “डॉक्टरसाहेब, पोरगी सकाळी हातातला चहाचा कप फेकते. भाकरी थापताना हात उडतो. आधी कधीमधी व्हायचे, आता रोज होते.” येथे कार्बामाझेपिनची मात्रा वाढविण्याचा मोह होतो. मात्रा वाढविली, तर हात अधिकच उडू लागतात.

सकाळी उठल्यावर हात उडणे, जागरणाने झटका येणे, वय किशोर असणे, ही सारी लक्षणे किशोरवयीन मायोक्लोनिक अपस्माराची आहेत. हा एका जागी सुरू होणारा अपस्मार नव्हे. त्यात दोन्ही मेंदूगोलार्ध आरंभापासूनच सामील असतात. अशा अपस्मारात कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि फेनिटोइन हात उडण्याचे झटके वाढवू शकतात. आईला विचारण्याचा एकच प्रश्न होता : “फीट येण्याच्या आधी, सकाळच्या वेळी हातातून वस्तू उडतात का?” हा प्रश्न विचारला नाही, तर आई तो प्रकार आपण होऊन सांगत नाही, कारण तो तिला आजार वाटत नाही. पोरगी धांदरट आहे, असे ती समजते.

दुसरा फसवा प्रकार लहान मुलांचा. मूल आठ-दहा सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा लिहू लागते. गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. हे झटके थॅलॅमस आणि मेंदूच्या बाह्यस्तरामधील एका तालबद्ध फेऱ्यातून उठतात. आलेखावर सेकंदाला साधारण तीन असे टोक व लाटेचे जोड दिसतात. या तालाचे इंजिन टी प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या हे आहे. या वाहिन्यांचा स्वभाव विचित्र आहे. पेशी आधी चांगली दबली गेली, तरच त्या पुढच्या वेळी उघडण्यास सिद्ध होतात. हे ध्यानात घेतले की तक्त्यातील एक कोडे सुटते. गाबा या दाबणाऱ्या रसायनाचे प्रमाण वाढविणारे व्हिगाबॅट्रिन शून्यात पाहण्याच्या झटक्यांना बरे करील असे वाटते, प्रत्यक्षात ते त्यांना वाढविते. दाब वाढला, वाहिन्या अधिक सिद्ध झाल्या आणि ताल अधिक पक्का झाला. त्या वाहिन्यांनाच रोखणारे इथोसक्सिमाइड मात्र या झटक्यांवर उत्तम चालते. ते मोठ्या फीटवर चालत नाही, म्हणून त्याची व्याप्ती अरुंद म्हणावयाची.

निदानासाठी येथे यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. मुलाच्या हाती भिरभिरे द्यावे आणि तीन मिनिटे जोरजोराने फुंकायला सांगावे. उपचार न झालेल्या बहुतेक मुलांमध्ये झटका तेथेच, आपल्या डोळ्यांसमोर येतो. मुलाला हृदयाचा किंवा दम्याचा विकार, अथवा सिकलसेलचा आजार असेल, तर ही चाचणी करू नये. आपल्या पश्चिम पट्ट्यात सिकलसेल आहे, म्हणून हे मुद्दाम सांगत आहोत.

झटक्याचा प्रकार कळत नसेल, तर रुंद व्याप्तीचे औषध निवडावे. व्हॅल्प्रोएट हे त्यांतील जुने. फ्रान्समध्ये 1960 च्या दशकाच्या आरंभी इतर रसायने विरघळविण्यासाठी ते द्रावक म्हणून वापरले जात होते. प्रत्येक रसायनाने झटके थांबू लागले, तेव्हा श्रेय द्रावकाचे असल्याचे उमगले. ते सोडियम वाहिन्यांवर काम करते, गाबा वाढविते आणि टी वाहिन्यांवरही थोडे काम करते असे मानतात. म्हणून त्याची व्याप्ती रुंद.

मग आपल्या उदाहरणातील मुलीला व्हॅल्प्रोएटच द्यावे काय? येथे चौथा रकाना आडवा येतो. वजन वाढणे, केस गळणे, हात थरथरणे, क्वचित यकृताला गंभीर इजा होणे, हे दुष्परिणाम सर्वांनाच लागू आहेत. गर्भावस्थेत हे औषध घेतल्यास साधारण दहांतील एका बाळात मोठे जन्मजात व्यंग आढळते. पाठीचा कणा न जुळण्याचे व्यंग त्यात विशेष आहे. व्यंग नसलेल्या मुलांतही बुद्धीच्या वाढीवर परिणाम दिसतो. फॉलिक ॲसिड दिल्याने हा धोका नाहीसा होत नाही. म्हणून अशा मुलीला आज प्रथम लेव्हेटिरासिटॅमचा विचार करावा. ते एस.व्ही.टू.ए. नावाच्या प्रथिनाला चिकटते, त्याची व्याप्ती रुंद आहे आणि यकृतातील इतर औषधांशी त्याची फारशी झुंज होत नाही. त्याचा त्रास स्वभावात दिसतो. शांत पोर चिडखोर होते, कधी उदास होते. पुढच्या भेटीत आईला हे आपण होऊन विचारावे.

ओघाने एक गोष्ट सांगून ठेवतो. 1999 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा उल्लेख काढून टाकण्यात आला. घरोघरी मात्र तो अजून निघालेला नाही. लग्न ठरले की गोळ्या लपतात आणि सासरी गेल्यावर बंद होतात. जी मुलगी व्हॅल्प्रोएट घेत असेल, तिच्याशी औषध बदलण्याचे बोलणे लग्नाआधी व्हावे. दिवस गेल्यावर गोळी एकाएकी बंद केल्यास आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो.

आता फेनिटोइन. स्वस्त, दिवसातून एकदा घेता येणारे आणि आपल्याकडे फार वापरले जाणारे हे औषध. हिरड्या सुजून दातांवर चढणे, अंगावर केस वाढणे हे त्याचे दुष्परिणाम सर्वांना पाठ असतात. त्याहून घातक गोष्ट आहे ती त्याच्या हिशेबात. यकृत हे औषध एका ठरावीक वेगापलीकडे जाळू शकत नाही. साठ किलोच्या एका शेतमजुराचे यकृत दिवसाला जास्तीत जास्त 420 मिलिग्रॅम जाळू शकते, असे धरू. दैनिक मात्रेला 4 ने गुणावे आणि उरलेल्या क्षमतेने भागावे, म्हणजे रक्तातील पातळी लिटरला किती मिलिग्रॅम राहील ते येते. 300 मिलिग्रॅमवर क्षमता उरते 120, म्हणून पातळी 10. 350 वर उरते 70, पातळी 20. 400 वर उरते अवघी 20, पातळी 80. योग्य पातळी 10 ते 20 समजतात. पहिल्या 50 मिलिग्रॅमने पातळी दुप्पट झाली आणि पुढच्या 50 ने चौपट. हे आकडे माणसागणिक बदलतात, चाल मात्र हीच राहते. म्हणून 300 च्या पुढे वाढवायचे, तर 25 ते 50 मिलिग्रॅमनेच, आणि मध्ये दोन-तीन आठवडे थांबून.

ही पातळी हळूहळू चढते. रुग्ण पंधरा-वीस दिवसांनी झोकांड्या खात येतो, जीभ जड झालेली असते आणि घरचे म्हणतात, “हा पुन्हा प्यायला लागला.” त्याला बोटाकडे पाहायला सांगून बोट बाजूला न्यावे. डोळे हिसके देत असतील, तर आधी फेनिटोइनची चौकशी करावी आणि मग दारूची. क्षयासाठी आयसोनियाझिड सुरू झाले असेल, तर मात्रा न वाढविताही हेच घडू शकते, कारण ते यकृतातील हेच काम मंदावते. रिफॅम्पिसिन उलट दिशेने ओढते. क्षयाची औषधे सुरू होताना आणि बंद होताना अशा रुग्णाला पुन्हा तपासावे.

कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिनबद्दल पुरळ ही एकच गोष्ट सांगतो. पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, त्याबरोबर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड दिसले, तर औषध त्याच दिवशी थांबवावे आणि रुग्णाला धुळ्याला पाठवावे. गोळी थांबविल्याने फीट येईल ही भीती येथे बाजूला ठेवावी, कारण कातडी सोलून निघण्याचा धोका त्याहून मोठा आहे. आधीच व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर लॅमोट्रिजिन जवळजवळ दुप्पट काळ शरीरात टिकते. म्हणून ते 25 मिलिग्रॅम एक दिवसाआड असे सुरू करतात. घाई केली की पुरळ येते.

जुन्या फेनोबार्बिटोनवर असलेले रुग्णही आपल्याकडे पुष्कळ आहेत. हे औषध गाबाचा परिणाम लांबविते, मोठ्यांना झोप आणते आणि मुलांना उलट चंचल करते. ते एकाएकी तुटले, तर झटक्यांमागून झटके येऊन रुग्ण शुद्धीवरच येत नाही. साक्री तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गुजरातकडे निघणारी कुटुंबे थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांना महिन्याच्या गोळ्या देऊन पुढच्या महिन्यात या, असे सांगण्यात अर्थ नाही. निघण्याच्या आठवड्यात त्यांना बोलवावे, मुक्कामाच्या सर्व महिन्यांच्या गोळ्या हिशेबाने मोजून द्याव्यात आणि रिकामे पाकीट मुकादमाजवळ न देता स्वतःजवळ जपून ठेवायला सांगावे. तेथील दुकानदार ते पाकीट पाहूनच त्याच औषधाची, तेवढ्याच मिलिग्रॅमची गोळी देऊ शकेल.