केकची किंमत आणि करणारीची मजुरी
(गंगापूर रोड, नाशिक येथील भाषण)



गंगापूर रोडवरील वसाहतींतून गृहिणी घरी केक करून विकतात. भाव ठरविताना दोनच प्रश्न विचारले जातात : साहित्याला किती लागले आणि शेजारची काय घेते? या दोन्ही प्रश्नांत करणारीच्या श्रमांना स्थान नाही.

किलोभर वजनाचा, क्रीम लावलेला साधा केक घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकीने ते आपल्या पावत्यांवरून बदलावेत. मैदा, साखर, चार अंडी, तेल, दूध वगैरेंचे 88 रुपये, क्रीमचे 72. भांड्याला चिकटलेले आणि फसलेले यांसाठी 8 मिळविले, की साहित्य 168 रुपये होते.

मग वीज. 1600 वॅटचा ओव्हन दहा मिनिटे तापवून चाळीस मिनिटे चालविला, तर फार तर 1.3 युनिट जळते. येथे एक चूक नेहमी होते. एकूण बिलाला युनिटांनी भागून सरासरी दर लावला जातो. परंतु वीजबिल टप्प्याटप्प्याने चढते, आणि केकची युनिटे घरखर्चाच्या वर, म्हणजे महागड्या टप्प्यात पडतात. दर तोच धरावा. 12 रुपये धरल्यास ओव्हनचे 16 आणि बीटर, फ्रीजचे 4, असे 20 रुपये झाले. खोका, पुठ्ठा, फीत यांचे 40. आठ हजारांचा ओव्हन चारशे केक टिकेल असे मानले, तर झिजेचे 20. ही बेरीज 248 रुपये.

आता श्रम. सामान आणणे, फेटणे, थर कापणे, क्रीम लावणे, भांडी घासणे, केक पोचविणे : घड्याळ लावून पाहिले, तर अडीच तास भरतात. मदतीला दुसरी बाई बोलावली, तर तिला जे द्यावे लागेल तो दर लावावा. तो ताशी 80 असेल, तर मजुरी 200 आणि रास्त किंमत 448 रुपये. हाच केक 350 ला गेला, तर अडीच तासांचे 102 रुपये उरतात. म्हणजे ताशी जेमतेम 41.

‘साहित्याच्या तिप्पट घ्या’ हा प्रचलित नियमही फसवा आहे. साध्या केकला त्याने 504 रुपये येतात, ते पुरतात. पण त्याच साहित्यावर फुलांची नक्षी करून पाच तास गेले, तर रास्त किंमत 648 होते आणि नियम मात्र 504 वरच थांबतो. श्रम वाढले तरी साहित्य वाढत नाही, हे तो नियम जाणत नाही.

दोन केक एकदम भाजले, तर वीज आणि वेळ दोन्ही वाचतात. किंमत कमी करायची, तर ती तेथून करावी. शेजारणींनी एकत्र बसून केकचा भाव नव्हे, तर तासाचा दर ठरवावा. त्या दराखाली विकणारी स्वतःची मजुरी सोडते आणि शेजारणीचीही पाडते.