शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)

तायांनो, तूरडाळ पातेल्यात शिजवायला पाऊण तास जातो. कुकरमध्ये तीच डाळ दहा-बारा मिनिटांत शिजते. डाळ तीच, शेगडी तीच, मग फरक कशाचा?

आधी पातेल्याचं बघू. पाणी साधारण 100 अंशांना उकळतं. एकदा उकळी फुटली की खाली कितीही मोठी आच करा, पाणी त्याच्या वर तापत नाही. जास्तीच्या आचेनं फक्त वाफ जास्त होते आणि ती उडून जाते. खळखळ उकळणारं पाणी आणि हळू उकळणारं पाणी, दोन्ही सारखंच गरम असतं. महाबळेश्वरला तर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 95-96 अंशांनाच उकळतं आणि डाळीला आणखी वेळ लागतो.

कुकरमध्ये याच्या उलट होतं. वाफ आत कोंडते, पाण्यावर दाब देते, आणि दाबाखालच्या पाण्याला उकळायला जास्त तापावं लागतं. शिट्टीचं वजन उचललं जाईपर्यंत आतला दाब बाहेरच्या जवळजवळ दुप्पट झालेला असतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास पोचतं. फरक वीसच अंशांचा, पण दर दहा अंशांना शिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे वीस अंशांना चौपट. पाऊण तासाचे अकरा मिनिटं होतात ते असे.

आता कामाची गोष्ट. पहिली शिट्टी झाली म्हणजे आतलं पाणी जेवढं तापायचं तेवढं तापलं. त्यानंतर मोठ्या आचेवर पाच-सहा शिट्ट्या काढल्या तरी डाळ लवकर शिजत नाही, वाफ आणि गॅस मात्र वाया जातो. एक वाटी डाळ असेल तर अडीच वाटी पाणी घाला, पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करा आणि दहा मिनिटं घड्याळ लावा. त्या वेळात शिट्टी झाली नाही तरी चालेल. वजनाखालून थोडी वाफ फुसफुसत असली की दाब टिकून आहे असं समजा.

वाफ झाकणाच्या कडेने येत असेल तर मात्र रबर सैल झालंय किंवा चिरलंय. मग दाब धरत नाही, शिट्टी होत नाही आणि कुकर नुसतं झाकण ठेवलेलं पातेलं होतो. रबर बदला. त्यावर कणीक लावून भागवू नका.

गॅस बंद केल्यावर घाई करून झाकण ओढायचं नाही. आतलं पाणी 120 अंशांचं असतं, ते केवळ दाबामुळे शांत बसलेलं असतं. दाब एकदम सुटला की ते एका क्षणात उसळतं आणि गरम डाळ तोंडावर येते. वजन हलक्या हातानं थोडं उचलून बघा, फुस्स आवाज येत असेल तर अजून थांबा.