भाग २३ : खळं किती मोठं हवं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे खळं. आमची येवल्याकडे तीन एकर मका असते. एकरी पंचवीस क्विंटल धरली तर मळणीच्या दिवशी ७५ क्विंटल दाणा अंगणात येऊन पडतो. तो वाळवायला आमच्याकडे ३० बाय ३० फुटांचं सिमेंटचं खळं होतं, म्हणजे ९०० चौरस फूट. दोन वर्षांपूर्वी काय झालं ते आधी सांगतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मळणी झाली. सगळा माल एकाच दिवशी खळ्यावर पसरला. चार दिवस कडक ऊन होतं. वरचा दाणा हातात घेतला की खडखड वाजायचा. अण्णा म्हणाले, "वाळली, भरा." भरली. बाजारात व्यापाऱ्याने पोत्यात टोचणी खुपसून तळाचा दाणा काढला आणि मशिनात टाकला. आर्द्रता १७ टक्के. हमीभावाच्या खरेदीत मक्याला १४ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि खासगी व्यापारीही साधारण त्याच आकड्यापासून कापायला सुरुवात करतो. भाव पडला. काही पोत्यांच्या तळाशी हिरवट बुरशी निघाली, ती वेगळीच गेली.

घरी चर्चा एकच, "खळं पुरत नाही, मोठं करू." मिस्त्रीने चौरस फुटाला ८० रुपये सांगितले. अण्णांनी मला फोन केला, "तू इंजिनिअर ना, सांग किती मोठं करायचं." मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. हिशेब खरंच पाच मिनिटांचा आहे. पण त्यात कुठले आकडे घालायचे हे कळायला मला दोन सुट्ट्या लागल्या.

मूळ सूत्र असं आहे.

```
area_m2 = kg / (kg_per_m3 * depth_m)
```

वजनाला घनतेने भागलं की घनमीटर मिळतात, आणि त्यांना थराच्या जाडीने भागलं की चौरस मीटर. बस्स.

घनता इंटरनेटवरून घेऊ नका, कारण ओल्या आणि सुक्या दाण्यात थोडा फरक पडतो. एक बादली घ्या. लिटरच्या बाटलीने मोजून दहा लिटर पाणी ओता आणि त्या पातळीला खूण करा. बादली कोरडी करून आपला ताजा मळलेला मका त्या खुणेपर्यंत भरा. दाबायचा नाही, नुसता ओतायचा. मग वजन करा. आमचं आलं ७.१ किलो. म्हणजे घनमीटरला ७१० किलो.

आता थर. उन्हात वाळवताना मक्याचा थर पाच सेंटीमीटर, म्हणजे दोन इंच धरतात. मोजायला पट्टी नको. तर्जनी उभी खुपसा, दोन पेरं बुडली की साधारण पाच सेंटीमीटर झाले.

७५०० किलोला ७१० ने भागलं की १०.५६ घनमीटर. पाच सेंटीमीटर थराला त्याचे २११ चौरस मीटर होतात, म्हणजे जवळपास २२७० चौरस फूट. आमच्याकडे होते ९००. उलटा हिशेब केला तर त्या वर्षी आमचा थर साडेबारा सेंटीमीटरच्या वर होता. पाच इंच! वरचा इंचभर वाळला, खालचे चार इंच दमट राहिले. ऊन कमी पडलं नव्हतं, माल जाड पडला होता.

यातून एक सोपा आकडा निघतो, तो लक्षात ठेवा: दोन इंच थराला मक्याच्या एका क्विंटलला ३० चौरस फूट. अण्णांना सूत्र नको होतं, हा आकडा मात्र त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. भात हलका असतो आणि त्याचा थरही पातळ लागतो, दोन ते चार सेंटीमीटर. त्यामुळे तीन सेंटीमीटरने पसरलात तर भाताला क्विंटलमागे ६० चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. म्हणून कोकणातल्या मित्रांनी माझा ३० चा आकडा तसाच उचलू नये.

२२७० आलं, त्यात चालायला जागा म्हणून चौथा हिस्सा वाढवला तर २८४०. आहेत ९००, म्हणजे १९४० चौरस फूट नवीन. ८० रुपयांनी दीड लाखाच्या वर. मी आकडा सांगितल्यावर अण्णा गप्प बसले. आई म्हणाली, "अरे, वर्षातून आठ दिवसांसाठी दीड लाखाची फरशी?"

तिचा प्रश्न बरोबर होता. मी सगळा माल एका दिवशी एका जागी बसवत होतो आणि वाळायला किती दिवस लागतात हे विचारलंच नव्हतं.

ते मोजायला मी गेल्या वर्षीच्या सुरुवातीच्या मक्यावर एक प्रयोग केला. खळ्यावर विटांनी एक-एक मीटरचे दोन चौकोन आखले. एकात पाच सेंटीमीटर थर, म्हणजे ३५.५ किलो. दुसऱ्यात दहा सेंटीमीटर, ७१ किलो. दर तासाला दोन्ही हलवायचे, रोज संध्याकाळी वजन करायचं. दाण्याची आर्द्रता २२ टक्के होती आणि न्यायची होती १४ वर.

इथे एक चूक सगळे करतात, मीही केली. २२ वरून १४ म्हणजे ८ टक्के वजन कमी होईल असं वाटतं. तसं नाही. वाळताना कोरडा भाग तेवढाच राहतो, पाणी जातं, म्हणून ८ ला ८६ ने भागायचं. ३५.५ किलोतून ३.३ किलो पाणी जायला हवं. चौकोनाचं वजन ३२.२ किलोवर आलं की माल तयार. ओलावा मोजायचं मशीन नसेल तरी साध्या काट्यावर हे कळतं. फक्त सुरुवातीची आर्द्रता एकदा कुणाकडून तरी मोजून आणावी लागते.

पातळ चौकोन पहिल्या संध्याकाळी ३४.२ वर आला, दुसऱ्या दिवशी ३३.१ आणि तिसऱ्या दिवशी ३२.२. तीन दिवस. जाड चौकोनाला सात दिवस लागले, तेही इमानदारीने हलवून. न हलवता काय होतं ते पोत्यांच्या तळाशी पाहिलंच होतं.

आता भागाकार करा. पातळ थरात एका चौरस मीटरमागे रोज जवळपास १२ किलो मका तयार झाला, जाड थरात १० किलो. म्हणजे थर दुप्पट केल्याने खळ्याची जागा वाचत नाही, उलट थोडी वायाच जाते. कारण पाणी उडवणारं ऊन चौरस फुटावर मिळतं, ढिगाच्या उंचीवर नाही. जाड थर लावून आपण फक्त माल जास्त दिवस ओला ठेवतो, आणि त्याच दिवसांत बुरशी येते.

मग उपाय काय? माल दोन फेऱ्यांत आणायचा. अर्धी कणसं काढून मळायची, चार दिवस खळं द्यायचं, तीन वाळवायला आणि एक ढगाळ हवेसाठी राखीव, मग उरलेली अर्धी मळायची. उरलेली कणसं तोवर ताटावरच राहतात. पाऊस किंवा पाखरं यांचा धोका असतोच, पण आवरणातलं कणीस ओल्या दाण्याच्या ढिगापेक्षा जास्त सुरक्षित. मळणीवाल्याला दुसऱ्या खेपेचे थोडे जास्त पैसे द्यावे लागले.

अर्ध्या मालाला ११३६ चौरस फूट लागतात. पण चारी बाजूंना दीड-दीड फूट मोकळं हवं, नाहीतर दाणा हलवताना मातीत जातो. शिवाय एका कोपऱ्यात पोती आणि काट्यासाठी ८ बाय १० ची जागा. आम्ही ३० फूट रुंदी तशीच ठेवून लांबी ४८ केली. कडा सोडून उरतात ४५ बाय २७ म्हणजे १२१५, कोपऱ्याचे ८० गेले की ११३५. बरोबर बसलं. नवीन काम १८ बाय ३० म्हणजे ५४० चौरस फूट, खर्च ४३,२०० रुपये. दीड लाख कुठे आणि हे कुठे!

पहिली फेरी तीन दिवसांत उरकली. दुसरीला पाच दिवस लागले, दोन दिवस ढग होते. रोज संध्याकाळी आम्ही मका ओढून लांबट वरंबा करायचो, पायथ्याला दोन मीटर रुंद आणि गुडघ्याएवढा उंच. अर्ध्या मालाचा असा वरंबा दहा-साडेदहा मीटर लांब होतो, त्यावर १५ बाय ४० फुटांची ताडपत्री पुरते. इथे माझा हिशेब चुकला. वरंबा आम्ही जुन्या आणि नव्या फरशीच्या सांध्यावर केला होता आणि तिथे किंचित खळगा राहिला होता. रात्री भुरभुर आली, पाणी वरून नाही तर खालून शिरलं. सकाळी तळचे दोन क्विंटल भिजलेले. म्हणून फरशी टाकतानाच दहा फुटांना इंच-सव्वा इंच उतार सांगा, आणि वरंबा नेहमी उंच टोकाला करा.

ढगाळ दिवसांत ताडपत्री तशीच ठेवू नका. वरंब्यात कोपरापर्यंत हात घाला. आत कोमट लागलं किंवा आंबूस वास आला तर पाऊस थांबल्या थांबल्या उघडा आणि पसरा, ऊन नसलं तरी चालेल. दुसऱ्या फेरीत एका पहाटे आईच्याच हाताला ते कोमट लागलं होतं. आम्ही सहा वाजता सगळं पसरलं.

यंदा व्यापाऱ्याने पुन्हा तळाचाच दाणा काढला. आकडा आला १३.८. अण्णांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

तुमच्याकडे सोयाबीन, हळद, मिरची काहीही असो, आधी बादली भरा आणि एक मीटरचा चौकोन आखा. मिस्त्रीला त्यानंतर बोलवा. भेटू पुढच्या भागात.