भिंतीचे दोन आकडे

बुऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेची भिंत रात्रीसुद्धा हाताला गरम लागते. म्हणून हल्ली घर बांधणारे उष्णतारोधक सामान शोधतात, आणि दुकानदार एकच आकडा पुढे करतो: उष्णतावाहकता.

उष्णतावाहकता हा पदार्थाचा गुण आहे. भाजलेल्या विटेची साधारण ०.८, एएसी ब्लॉकची ०.१६ आणि थर्माकोलची ०.०४ च्या आसपास. आकडा लहान, तितकी उष्णता कमी वाहते. पण त्यात जाडी नसते. वीट चार इंची लावा की हातभर जाडीची, आकडा तोच.

दुसरा आकडा म्हणजे यू-व्हॅल्यू. ती उभ्या भिंतीची असते. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत शिरते, हे ती सांगते. काढायची कशी? प्रत्येक थराची मीटरमधली जाडी त्याच्या वाहकतेने भागायची, म्हणजे त्या थराचा रोध मिळतो. सगळे रोध मिळवायचे आणि एकाला त्या बेरजेने भागायचे.

नऊ इंची विटेची भिंत घ्या. ०.२३ भागिले ०.८, म्हणजे ०.२९. दोन्हीकडचे प्लास्टर आणि पृष्ठभागांलगतची हवा यांचे मिळून ०.२१. बेरीज ०.५, यू-व्हॅल्यू २. आता तापीकाठच्या शाही किल्ल्यासारखी जाड भिंत डोळ्यांसमोर आणा आणि ती एक मीटर विटेची धरा. यू-व्हॅल्यू येते ०.७ च्या जवळ. आठ इंची एएसी ब्लॉकच्या भिंतीचीही जवळपास तेवढीच! वीट तीच, पण जाडीने काम केले. अर्थात जाड भिंत दिवसाची उष्णता पोटात धरून उशिरा आत सोडते. तो गुण यू-व्हॅल्यूत दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता दुकानात चला. एक बोर्ड ०.०३५ वाहकतेचा, पण २० मिलिमीटर जाड. दुसरा ०.०४५ चा, ५० मिलिमीटर जाड. पहिल्याचा रोध ०.५७, दुसऱ्याचा १.१. वाहकतेत मागे असलेला दुसराच भिंतीवर सरस ठरतो. मात्र जागा कमी असेल, खोली आधीच अरुंद असेल, तर जाडी वाढवता येत नाही; तिथे कमी वाहकतेचाच माल घ्यावा लागतो. म्हणून दोन्ही आकडे हवेत.

आणखी एक. हे आकडे कोरड्या मालाचे असतात. पावसाळ्यात काचलोकरीत पाणी मुरले, की तिच्यातल्या हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहते. काँक्रीटचा कॉलमही असाच हिशेब बिघडवतो. एएसीच्या भिंतीत कॉलम उघडा राहिला, तर तेवढ्या पट्ट्याची यू-व्हॅल्यू अडीचच्या वर जाते. उन्हाळ्यात संध्याकाळी आतून ब्लॉकवर आणि कॉलमवर हात ठेवून पाहा. कॉलम जास्त तापलेला लागला, तर बाहेरच्या अंगाने त्यावरही थर चढवायला गवंड्याला सांगा.