हैदराबादहून नांदेड : आकडे आणि दगड काय सांगतात

आपल्यापैकी पुष्कळांचे जाणेयेणे नांदेडकडे असते. लग्नकार्य असो की शेतीवाडीचे काम, निघण्याआधी प्रश्न एकच : कोणत्या रस्त्याने?

रस्ते मुख्यतः तीन. पहिला संगारेड्डीवरून देगलूर, नायगावमार्गे. दुसरा कामारेड्डी, निजामाबाद, बोधन, बिलोली असा. तिसरा थेट निर्मलपर्यंत जाऊन भैंसा, भोकरवरून. तिसरा सर्वांत लांबचा. हे तिन्ही ओळखायला महामार्गांचे आकडे पुरतात.

२०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. एक-दोन अंकी सम क्रमांकाचा रस्ता दक्षिणोत्तर, विषम क्रमांकाचा पूर्व-पश्चिम. म्हणून ४४ आपल्याला उत्तरेला निर्मलकडे नेतो, तर ६५ पश्चिमेला जहीराबाद, सोलापूरकडे. निर्मलहून भोकरमार्गे नांदेडला येणारा ६१. तीन अंकी क्रमांक म्हणजे शाखा. शेवटचे दोन अंक मूळ रस्त्याचे. १६१ ही ६१ ची शाखा, म्हणजे ती कुठेतरी ६१ ला भेटणारच. ती भेट नांदेड परिसरात होते. मात्र सम-विषमचा नियम शाखेला लावू नका. १६१ विषम असूनही देगलूर, नांदेड, हिंगोली, अकोला असा उत्तरेकडेच जातो.

आता खरी कसोटी संगारेड्डीजवळच्या कंदीला. तिथे ६५ सोडून १६१ धरायचा. वळण चुकले तरी रस्ता चांगलाच असतो, त्यामुळे लवकर कळत नाही. दगडाकडे बघा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा आणि त्यावर क्रमांक. ६५ दिसत राहिला आणि खाली जहीराबाद आले, तर परत फिरा. जोगीपेठ, पिटलम, मदनूर, देगलूर येऊ लागले, तर बरोबर. माथा हिरवा असेल, तर आपण राज्य महामार्गावर आहोत. तोही योग्य असू शकतो, पण गावाचे नाव पाहूनच पुढे जावे.

दोन ठिकाणी फसगत होते. जुन्या दगडांवर ७ किंवा ९ आढळतो. ते आजचे ४४ आणि ६५. आजचा ७ क्रमांक पंजाब-उत्तराखंडाकडे आहे, त्यामुळे कामारेड्डीजवळ ७ दिसला तर तो दगड जुना समजावा. दुसरे, जुन्या दगडावरचे अंतर गावातून जाणाऱ्या रस्त्याचे असते. बायपास झाला असेल, तर ते जुळणार नाही. अशा वेळी एका दगडावर विसंबू नये. पाठोपाठचे दोन-तीन दगड पाहावेत. आपल्या गावाचे अंतर एकेक किलोमीटरने कमी होत असेल, तर दिशा बरोबर.

निवड कशी करावी? फक्त नांदेडच गाठायचे असेल, तर १६१ सोयीचा. कंदी ते रामसानपल्ली हा सुमारे ४० किलोमीटरचा चौपदरी टप्पा मार्च २०२४ मध्ये लोकार्पित झाला. वाटेत निजामाबाद-बोधनला कुणाला भेटायचे असेल, तर ४४ ने जावे. निर्मल-भैंसा भागात काम असेल, तरच ६१ चा फेरा घ्यावा.

रात्रीच्या प्रवासात शेजारी बसलेल्याने दगड वाचावेत, गाडी चालवणाऱ्याने नाही.